सहा घावांचं खातं

*पत्र:* मी यावल तालुक्यातला, वय २९, घरची केळी आहे. निफ्टी ऑप्शनची एक पद्धत शिकून वहीवर ६० ट्रेड लिहून पाहिले. २४ जिंकले, ३६ हरले, आणि जिंकलेला ट्रेड हरलेल्याच्या दुप्पट देतो. स्टॉपलॉस ४४ पॉइंट, टार्गेट ८८, एकच लॉट, प्रीमियम १८० च्या आसपास. ३०,००० टाकून सुरुवात केली. १२ ट्रेडमध्ये (२ जिंकले) १०,६३० उरले. भर घालून पुन्हा ३०,००० केले. १८ ट्रेडमध्ये (४ जिंकले) ९,५९० उरले. शिस्त एकदाही मोडली नाही. मित्र म्हणतो, “भो, पद्धत चांगली आहे, तुझं भांडवल कमी पडतं.” बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून खातं दीड लाखाचं करावं का?

*उत्तर:*

भाऊ, पत्रात तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. असं पत्र आलं की बहुतेक वेळा नुसतं ‘लॉस झाला’ एवढंच कळतं आणि मग उत्तरही हवेतच द्यावं लागतं. तुमच्या आकड्यांवरून बरंच काही सांगता येईल. पाटल्यांचं उत्तर मात्र आधीच देतो: ठेवू नका. का, ते सावकाश सांगतो, कारण तुमच्या मित्राचं बोलणं अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं बोलणंच माणसाला पटकन पटतं.

तुम्ही धरून चाललात की दहातले चार जिंकतात आणि जिंकलेला दुप्पट देतो, म्हणजे शेवटी फायदाच. दहा ट्रेडांचा हिशोब तसाच येतो: चार जिंकून आठ भाग आले, सहा हरून सहा गेले, दोन भाग उरले. हिशोब चुकलेला नाही. पण ही सरासरी आहे, आणि सरासरी हाती लागते ती शेवटपर्यंत टिकणाऱ्याच्या. कोरडवाहू कापूसवाल्याला हे वेगळं सांगायला नको. पाऊस वर्षाच्या शेवटी सरासरी गाठतोही, पण पहिल्या पेरणीनंतर वीस दिवस ओढ दिली आणि दुबार पेरणीला घरात बियाणं नसेल, तर त्या माणसाचं वर्ष गेलं. पुढच्या महिन्यात धो धो पडला तरी त्याच्या रानात उगवायला काही नसतं.

खात्याचंही असंच बघायचं. किती रुपये आहेत ते बाजूला ठेवा आणि खातं किती घाव सोसू शकतं ते मोजा. एक घाव म्हणजे एका हरलेल्या ट्रेडची रक्कम. तुमच्या खात्यात असे किती घाव होते?

निफ्टीचा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यावा लागणारा कमीत कमी गठ्ठा, ६५ चा. स्टॉपलॉस ४४ पॉइंट, म्हणजे २,८६० रुपये. पण हरल्यावर खात्यातून तेवढेच जात नाहीत. घेताना मनातल्या भावापेक्षा एखादा पॉइंट महाग मिळतो, त्याचे ६५. स्टॉपलॉस लागताना बाजार घसरत असतो, तिथे आणखी एक पॉइंट, आणखी ६५. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, एक्स्चेंजचे चार्जेस मिळून घेणं-विकणं धरून साधारण ६५. घाव झाला ३,०५५ रुपयांचा. जिंकलेल्या ट्रेडमध्ये ८८ पॉइंटचे ५,७२० दिसतात. त्यातून एक पॉइंट आणि चार्जेस गेले की हातात ५,५९०. आता भागाकार करा. दुप्पट नाही, १.८३ पट आली. वहीवर तुम्ही हा खर्च धरलेला नसणार. खात्याने मात्र धरला. तुम्ही पाठवलेली शिल्लक मी या आकड्यांनी पडताळली, आणि दोन्ही वेळा ती रुपयाला रुपया जुळली.

आता खातं कधी बुडालं म्हणायचं? शून्यावर आल्यावर नाही. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, १८० असेल तर एका लॉटला ११,७०० रुपये लागतात. शिल्लक त्याखाली गेली की पुढचा ट्रेड घेताच येत नाही. पैसे दिसतात, पण खेळ संपलेला असतो. म्हणून ३०,००० तले खरे कामाचे १८,३००. त्याला ३,०५५ ने भागा. सहा घाव.

सहाच. पद्धत कितीही चांगली असो, तुम्ही सहा घावांचं खातं घेऊन बसला होतात.

सहा घावांवर बुडण्याची शक्यता किती, याला ट्रेडर लोक रिस्क ऑफ रुइन म्हणतात आणि ती काढायची रीत आहे. आधी तुमच्या वहीतला हिशोब घेऊ: जिंकण्याचं प्रमाण ०.४, हरण्याचं ०.६, मोबदला नेमका दुप्पट, खर्च काही नाही. दुप्पट मोबदल्यासाठी सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं:

```
z = (SQRT(1 + 4*q/p) - 1) / 2
R = z^N
```

`p` म्हणजे जिंकण्याचं प्रमाण, `q` हरण्याचं, `N` घावांची संख्या. `z` चा अर्थ साधा आहे: खात्यात एकच घाव शिल्लक असता तर बुडण्याची शक्यता किती असती. दोन घाव असतील तर ती गोष्ट दोनदा घडावी लागते, म्हणून `z` ला `z` ने गुणायचं. सहा असतील तर सहा वेळा. तुमच्या आकड्यांनी `z` येतो ०.८२३. सहाव्या घातापर्यंत गुणलं की ०.३१. म्हणजे सगळं तुमच्या वहीसारखंच चाललं, खर्च एक पैसाही नाही, तरी शंभरातली ३१ खाती बुडतात. हेच खातं दहा घावांचं असतं तर १४, वीस घावांचं असतं तर २, पन्नास घावांचं असतं तर दहा हजारांत एखादं. पद्धत तीच आहे, जिंकण्याचं प्रमाण तेच आहे, बदलली फक्त घावांची संख्या.

आता खर्च धरून १.८३ पट मोबदला घेऊ. त्याला वरचं सोपं सूत्र चालत नाही, पण एक्सेलच्या रकान्यात सहज निघतं. `A1` मध्ये ० लिहा, `A2` मध्ये हे लिहा आणि तीनशे ओळी खाली ओढा:

```
=0.6+0.4*A1^2.83
```

२.८३ म्हणजे मोबदल्याचा आकडा अधिक एक. खाली ओढत गेलात की आकडा ०.८६८ वर येऊन थांबतो. तो तुमचा `z`. सहाव्या घाताला ०.४३. १.८३ मुळे शिल्लक नेमक्या पूर्ण घावांत बसत नाही, म्हणून सूत्र किंचित जास्त दाखवतं. आपण ४० टक्के धरू. वहीतल्या ३१ चे ४० झाले ते फक्त दोन पॉइंट आणि ६५ रुपयांनी. आणि आकडा खाली ओढताना १ च्या जवळच सरकत राहिला, तर समजायचं की ती पद्धत आज ना उद्या खातं बुडवणारच, मग घाव कितीही असोत.

तुमच्या पहिल्या बारा ट्रेडांचा क्रम तुम्ही लिहिलेला नाही, पण दोन जिंकून दहा हरण्याचा एक साधा क्रम मी मांडून पाहिला. दोन हरले, एक जिंकला, तीन हरले, एक जिंकला, मग पाच हरले. ३०,००० चे २६,९४५ झाले, मग २३,८९०, जिंकल्यावर २९,४८०. इथे माणसाला वाटतं, चला, आलो परत. मग २६,४२५, २३,३७०, २०,३१५. पुन्हा जिंकला, २५,९०५. त्यानंतर २२,८५०, १९,७९५, १६,७४०, १३,६८५, १०,६३०. संपलं. यात कुठेही मोठा तोटा नाही, कुठेही स्टॉपलॉस काढून टाकलेला नाही, एकाही दिवशी डोकं फिरलेलं नाही. चाळीस टक्के जिंकणाऱ्या पद्धतीत सलग पाच हरणं काही आक्रीत नाही. कुठूनही मोजायला लागा, पुढचे पाच हरण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि साठ ट्रेडांत असं मोजायला पन्नासेक जागा मिळतात.

वहीवर मात्र हे झालं नव्हतं. झालंही असेल, पण तुम्हाला कळलं नसेल. वही बुडत नाही. वहीला ११,७०० ची अट नाही. वाईट टप्पा आला तरी पेन पुढचा ट्रेड लिहीतच राहतं आणि चाळिसाव्या-पन्नासाव्या ट्रेडला बेरीज वर येते. म्हणून आज रात्री एक काम करा. साठ ट्रेड पहिल्यापासून घ्या, जिंकलेल्यासमोर अधिक १.८३ आणि हरलेल्यासमोर उणे १ लिहा आणि चालती बेरीज करत जा. प्रत्येक ओळीवर, तोपर्यंतच्या सर्वात उंच बेरजेपासून ती किती खाली आली ते बघा आणि त्यातला सर्वात मोठा आकडा घ्या. हा झाला वहीतला सर्वात खोल खड्डा. तो सहापेक्षा जास्त असला तर मला नवल वाटणार नाही. तसं असेल तर तुमच्या स्वतःच्या नोंदीतच लिहिलेलं होतं, की त्या टप्प्याच्या सुरुवातीला ३०,००० घेऊन उतरलेला माणूस साठावा ट्रेड बघणार नाही.

इथे थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगतो, कारण बरेच वाचक मला विचारतात, ‘पूर्वी लहान खात्यावर जमायचं, आता का जमत नाही?’ नोव्हेंबर २०२४ पर्यंत निफ्टीचा लॉट २५ चा होता. सेबीने कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत १५ लाख केली आणि लॉट ७५ चा झाला, नंतर तो ६५ वर आला. २५ च्या लॉटमध्ये तुमचा तोच ४४ पॉइंटचा घाव १,२०० रुपयांच्या आसपास बसला असता आणि प्रीमियमला ४,५०० पुरले असते. त्याच ३०,००० मध्ये एकवीस घाव मावले असते. म्हणजे तुमच्या खिशातला रुपया तोच राहिला, पण खात्याचं आयुष्य एकवीसवरून सहावर आलं. जुने व्हिडिओ बघून कोणी ३०,००० मध्ये सुरुवात करत असेल तर त्याने हे आधी ध्यानात घ्यावं. आणि एकवीस घाव होते तेव्हाही फार लोक जिंकत होते असं नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरांना तोटाच झाला होता.

आता तुमच्या मित्राचं बोलणं. दीड लाखाचं खातं केलं तर ११,७०० वजा जाता ४५ घाव होतात. ०.८६८ चा ४५ वा घात काढला की बुडण्याची शक्यता हजारात दोनाच्याही खाली जाते. म्हणजे मित्राचा हिशोब बरोबर ठरतो. पण त्यात एक अट आहे: तुमचं जिंकण्याचं प्रमाण खरंच ४० टक्के असलं पाहिजे.

आणि ते आहे का, हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. साठ ट्रेडांवरून एवढंच म्हणता येतं की खरा आकडा २८ ते ५२ च्या मध्ये कुठेतरी असावा. इतकी मोठी फट असते ती. खर्च धरून तुमच्या पद्धतीला ना नफा ना तोटा राहायलाच ३५.३ टक्के जिंकावे लागतात (१ भागिले २.८३). साठातले २४ जिंकले म्हणून ४० टक्के आले. २१ जिंकले असते तर ३५ आले असते, आणि ३५ टक्क्यांवर प्रत्येक ट्रेडला सरासरी तीसेक रुपये जात राहतात. म्हणजे चांगली पद्धत आणि बुडवणारी पद्धत यांत फरक किती, तर वहीतल्या तीन ओळींचा. साठातल्या तीन ट्रेडांचा निकाल त्या दिवशी दुसऱ्या बाजूला लागला असता तर तुम्ही ही पद्धत घेतलीच नसती.

मधला आकडा घेऊ, साठातले २२, म्हणजे ३६.७ टक्के. एक्सेलमध्ये घाला, `z` येतो ०.९६. सहा घावांच्या खात्याची बुडण्याची शक्यता ७७-७८ टक्के होते. आणि दीड लाखाचं, ४५ घावांचं खातंही शंभरात सोळा वेळा बुडतं. सुरक्षित वाटणारं मोठं खातं दोन ट्रेडांच्या फरकाने असं होतं.

आता तुमच्या दोन खात्यांकडे बघा. तुम्ही त्यांना अपघात समजून बाजूला ठेवलंत, पण तीही नोंदच आहे, आणि वहीपेक्षा खरी नोंद. पद्धत ४० टक्क्यांची असती तर लागोपाठ दोन खाती बुडण्याचा योग सहांतून एकदा येतो. ३६.७ टक्क्यांची असती तर पाचांतून तीनदा. तुमच्या बाबतीत दोन्ही बुडाली. यातून काही सिद्ध होत नाही, पण तराजू कुठे झुकतो ते दिसतं. आणखी सरळ बघायचं तर साठ वहीतले आणि तीस खरे ट्रेड एकत्र करा: नव्वदातले तीस जिंकले. ३३.३ टक्के. हा आकडा जरा वाईट बाजूला झुकलेला आहे हे मान्य, कारण दोन्ही खाती वाईट टप्प्यावरच थांबली. तरी ३५.३ ची रेघ त्याच्या वर आहे. एवढ्या माहितीवर मी कोणाला घरातलं सोनं काढू देणार नाही.

बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. वजन होताना घरातली बाई काट्याकडे बघत असते, आणि ती काही बोलत नाही. म्हणून व्याजाचाही हिशोब मांडतो. खात्यात ९,५९० उरलेत, म्हणजे दीड लाखासाठी सुमारे १,४०,००० काढावे लागतील. त्यावर महिना एक टक्का धरला तरी १,४०० रुपये. महिन्याला सोळा ट्रेड झाले आणि प्रमाण ३६.७ टक्के असलं, तर खर्च जाता ट्रेडमागे ११५ रुपये सुटतात, म्हणजे १,८४० रुपये. त्यातले १,४०० व्याजाला. उरलेल्या चारशे-साडेचारशे रुपयांसाठी पाटल्या तिजोरीत आणि शंभरात सोळा वेळा त्या परत न येण्याची भीती. आणि प्रमाण ३५ असलं तर व्याजही खिशातूनच.

काही वाचक म्हणतील, भांडवल वाढवता येत नाही तर स्टॉपलॉस लहान करा, घाव आपोआप वाढतील. हे मी बऱ्याच तरुणांना करताना पाहिलंय, म्हणून आकडा देतो. स्टॉपलॉस १५ पॉइंट आणि टार्गेट ३० केलं. घाव ९७५ अधिक दोन पॉइंट आणि चार्जेसचे १९५, मिळून १,१७०. जिंकल्यावर १,९५० मधून १३० गेले, १,८२० आले. दुप्पट म्हणता म्हणता मोबदला १.५६ वर आला आणि ना नफा ना तोट्याची रेघ ३५ वरून ३९ टक्क्यांवर चढली. चार्जेस आणि घसरण लहान घावाला मोठ्या घावाएवढीच लागते. शिवाय पंधरा पॉइंट निफ्टीचा प्रीमियम नुसता श्वास घेताना वर-खाली होतो, त्यामुळे तुमचं ४० टक्के प्रमाण तिथे टिकणारच नाही. घाव जास्त मिळतील, पण ते लवकर लवकर बसतील.

उलट दिशेचीही चूक होते. एक ट्रेड हरल्यावर पुढच्याला दोन लॉट घेतले आणि तोही हरला, की त्याचा घाव दुप्पट बसतो, म्हणजे सहाचे तीन उरतात. ०.८६८ चा तिसरा घात ०.६५. हरलेल्या अशा एका ‘वसुली’च्या ट्रेडने खात्याची बुडण्याची शक्यता चाळीसवरून साठीच्या पुढे जाते. तुम्ही हे केलं नाहीत, म्हणून तुमचे आकडे इतके स्वच्छ आहेत.

अजून एक गोष्ट हे सूत्र सांगत नाही. ते धरून चालतं की घाव नेहमी ३,०५५ चाच बसेल. ऑप्शन रात्रभर ठेवलात आणि सकाळी बाजार उलटा उघडला तर स्टॉपलॉस मध्ये लागतच नाही. ४ जून २०२४ ला, निवडणूक निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला होता. कॉल घेऊन ठेवणाऱ्याचा सगळा प्रीमियम गेला तर तुमच्या मापाने ते ११,७०० रुपये, म्हणजे एका झटक्यात जवळपास चार घाव. सहा घावांच्या खात्यात रात्रभर पोझिशन ठेवणं म्हणूनच बसत नाही.

मग ३०,००० च्या खात्याने करावं काय? माझं मत असं, की जिथे घावाचा आकार तुम्ही ठरवता तिथे जावं. ऑप्शनमध्ये तो लॉट ठरवतो, तुम्ही नाही. शेअर डिलिव्हरीत घेताना एकही घेता येतो. ३०० रुपयांचा एखादा रोज भरपूर उलाढाल होणारा शेअर धरा. ३३ शेअर घेतले, ९,९०० गुंतले. स्टॉपलॉस १८ रुपये खाली, म्हणजे ५९४. एसटीटी, डीपी चार्जेस वगैरे ४० च्या आसपास. घाव साधारण ६३२ रुपयांचा. टार्गेट ३६ रुपये वर ठेवलं तर सुटतात १,१५०. मोबदला १.८२, म्हणजे तुमच्या ऑप्शनइतकाच. पण त्याच ३०,००० मध्ये ४७ घाव मावतात. शिल्लक घटली तर ३३ चे २५ करता येतात, ११,७०० सारखी भिंत मध्ये येत नाही. फार खालीही जाऊ नका. १६ शेअर घेतले तर घाव निम्मा होतो, पण डीपी चार्ज तेवढाच राहतो आणि खर्चाचा वाटा सहा टक्क्यांवरून नवाच्या आसपास जातो. म्हणून या आकाराच्या खात्याला दोन टक्क्यांच्या आसपासचा घाव मला ठीक वाटतो.

यात कमाई किती? ४० टक्के जिंकलात तर ट्रेडमागे ऐंशी रुपये. हो, तेवढेच. ऑप्शनमध्ये कागदावर चारशे दिसत होते. पण त्या चारशेच्या मागे सहा घाव होते. आणि निफ्टीच्या ऑप्शनवरचं प्रमाण शेअरवर जसंच्या तसं लागू होत नाही, ते नव्याने मोजावं लागेल. शेअरही रात्रीत उलटा उघडतो, म्हणून निकालाच्या आदल्या दिवशी त्या कंपनीचा शेअर हातात ठेवू नका.

निफ्टीचीच पद्धत सोडवत नसेल तर ती वहीवर चालू ठेवा, पण आता खर्चासकट: प्रत्येक ट्रेडला घेताना एक पॉइंट, स्टॉपलॉसला आणखी एक, आणि ६५ रुपये. नवे १०० ट्रेड होऊ द्या. शंभरात नशिबाचा खेळ दोन्ही बाजूंना दहा-दहाचा असतो, म्हणून ३५.३ ची रेघ ओलांडली असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला तुम्हाला ४५ च्या वर जिंकलेले दिसायला हवेत. ४० दिसले तर ते अजून ‘माहीत नाही’ याच खात्यात जातं. आणि ४५ च्या वर दिसले तरी कमीत कमी तीस-चाळीस घावांचे पैसे केळीच्या हिशोबातून, खतं, मजुरी आणि घरखर्च वजा करून, सुटे झालेले असले तरच लॉट घ्या. तुमच्या मापाने, प्रीमियमचे ११,७०० धरून, ते एक लाख ते एक लाख पस्तीस हजार होतात, आणि ते गेले तरी पुढच्या बागेची लागवड अडणार नाही असे असावेत.

खात्यात उरलेले ९,५९० काढून घ्या. वहीतला तो सर्वात खोल खड्डा किती घावांचा निघतो, ते मात्र मला कळवा. पुढच्या पत्रात त्याच्यावर बोलू.